पैसा खोटा, पाऊस मोठा: एका बडबडगीताचं इंग्रजी रूप

इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या पाच ते सात वर्षांच्या मराठी मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर ठेवू. आठवड्यातून एकदा मराठी शाळा. घरी आईबाबा मराठी बोलतात, मुलं उत्तर इंग्रजीत देतात. त्यांना ‘ये रे ये रे पावसा’ ठेक्यात म्हणता येतं, पण ‘खोटा’ म्हणजे काय हे विचारलं तर ती गप्प होतात. शिवाय त्यांचे शेजारी, वर्गमित्र आणि कधीकधी मराठी न येणारी भावंडं याच चालीवर गाऊ शकतील असं काही हातात नसतं. म्हणून या गाण्याचं इंग्रजी रूप करायचं. त्याच्या दोन अटी होत्या. चाल आणि टाळ्या जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत आणि गाण्यातलं एक चित्र शाबूत राहिलं पाहिजे.

मूळ गाणं पारंपरिक आहे, त्याचा कोणी एक कवी नाही. त्यामुळे शब्दांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. कवीचं नाव ठाऊक असलेल्या गाण्याचं असं करता येत नाही. भारतात कवीच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत भाषांतराचा आणि रूपांतराचा हक्कही त्याच्या वारसांकडे किंवा हक्कधारकांकडे असतो. लोकगीताचे शब्द मोकळे असले तरी एखाद्या कंपनीने बाजारात आणलेलं त्याचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं, हेही ध्यानात ठेवावं.

आधी मूळ गाणं मात्रांत मांडून घेऊ. उभ्या रेघांनी ओळीचे चार भाग पडतात, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक टाळी.

ये रे | ये रे | पाव | सा
तुला | देतो | पै | सा
पैसा | झाला | खो | टा
पाऊस | आला | मो | ठा

ये ग | ये ग | स | री
माझे | मडके | भ | री
सर | आली | धा | वून
मडके | गेले | वा | हून

घरोघरी सूर थोडे वेगळे लागतात, ठेका मात्र सगळीकडे हाच. ओळीत चार टाळ्या. पहिल्या दोन टाळ्यांत दोन-दोन अक्षरं पटपट येतात आणि पुढच्या दोन टाळ्यांना एकेक लांब अक्षर मिळतं. अक्षरं मोजताना लिहिलेलं बघायचं नाही, बोललेलं ऐकायचं. ‘पावसा’ लिहिताना तीन अक्षरं दिसतात, पण तोंडून ‘पाव-सा’ अशी दोनच निघतात. ‘मडके’चंही तेच. अशी मोजली तर जवळपास प्रत्येक ओळीत सहा अक्षरं येतात. ‘सर आली धावून’मध्ये एक कमी आहे आणि तिथे ‘सर’ हा शब्द अख्खी टाळी व्यापतो.

इंग्रजीत सहा अक्षरं जमवणं कठीण नाही. अडचण आघाताची आहे. मराठी शब्दात जोर जवळपास सारखा वाटलेला असतो, म्हणून ‘पैसा’मधलं ‘सा’ शेवटच्या टाळीवर लांबवलं तरी कानाला खटकत नाही. इंग्रजी शब्दाचा जोर ठरलेल्या अक्षरावर असतो आणि बाकीची अक्षरं पुसट होतात. पुसट अक्षर टाळीवर आलं की शब्द ओळखू येईनासा होतो. चुकलेली पहिली ओळ बहुधा अशी असते:

आय विल | गिव्ह यू | म | नी

अक्षरं सहा, अर्थही बरोबर. पण ‘मनी’चा सगळा जोर ‘म’वर असतो आणि गाण्यात ‘नी’ला अख्खी टाळी मिळते. मुलं ‘मनीऽ’ असं ओरडतात आणि वर्गात हसू फुटतं. इथून दुसरी चूकही सुरू होते. ‘मनी’ला यमक हवं म्हणून ‘सनी’, ‘फनी’, ‘हनी’ हे शब्द लगेच पुढे येतात. त्यातला कुठलाही घेतला की पुढच्या ओळीत ऊन किंवा मध शिरतो आणि पैसा खोटा निघाल्याची गोष्ट गाण्यातून निघून जाते. यमकाने अर्थ ओढून नेला, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. रूपांतरित ओळीतली एखादी वस्तू मूळ गाण्यात कुठेच नसेल आणि ती नेमकी ओळीच्या शेवटी बसलेली असेल, तर ती यमकाने आणलेली आहे.

म्हणून शब्दांना हात लावण्याआधी चित्र ठरवावं लागतं. या आठ ओळींत दोन चित्रं आहेत: पावसाला देऊ केलेला आणि खोटा निघालेला पैसा, आणि सरीने वाहून नेलेलं मडकं. दोन्ही सुंदर आहेत, पण दोन्ही तितक्याच जपणुकीने राखायची म्हटली तर शब्दांना हलायला जागाच उरत नाही. आमची निवड पैशाची. मडक्याचं चित्र डोळ्यांना दिसतं; त्याच्या जागी दुसरं भांडं ठेवलं तरी प्रसंग तोच राहतो. पैशाच्या चित्रात मात्र एक विचार आहे. मूल पावसाशी व्यवहार करायला जातं, नाणं खोटं निघतं, तरी पाऊस येतो आणि तोही भरभरून. पाऊस नाणं वाजवून बघत नाही. हे गेलं तर उरतं ते पावसाचं कुठलंही गाणं.

चित्रात नेमकं काय राखायचं हेही एका वाक्यात लिहून ठेवावं, नाहीतर पुढे तडजोडी करताना ते निसटतं. इथे ते वाक्य असं: मूल नाणं देऊ करतं, नाणं खोटं निघतं, तरी पाऊस येतो. यात तीन दुवे आहेत, त्यातला ‘तरी’ सगळ्यांत नाजूक. मराठीत तो उच्चारलेला नाही; ‘खोटा’ आणि ‘मोठा’ यांच्या यमकातूनच तो कळतो. इंग्रजीत तो शब्दाने सांगावा लागेल, हे इथेच स्पष्ट होतं.

आणखी एक बारकावा. ‘पैसा झाला खोटा’ असं म्हटलं आहे. कुणी खोटा पैसा दिला असं म्हटलेलं नाही. फसवणुकीचा आळ मुलावर येत नाही. इंग्रजीत ‘आय गेव्ह अ फेक’ असं केलं तर तो आळ येतो आणि गाण्याचा निरागसपणा जातो. काही पालक ही ओळच मुलांसाठी बरी नाही म्हणून बदलायला सांगतात. ती बदलू नये. ओळीत कर्ता नाही तोवर तिच्यात लबाडी नाही, आणि ती ओळ काढली तर राखायला काही राहतच नाही.

आता लिहायला सुरुवात तिसऱ्या ओळीपासून. चित्र तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे, म्हणून ती जोडी आधी बसवायची. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली की सगळे चांगले शब्द ‘ये रे’वर खर्ची पडतात आणि चित्राच्या वाट्याला उरलंसुरलं यमक येतं.

‘पैसा’साठी ‘पेनी’ घेतला. 1957 साली दशमान पद्धत येण्याआधी पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग होता, मुलाच्या मुठीत मावणारं तांब्याचं नाणं. पेनीचं इंग्रजी बालगीतांतलं स्थान तसंच आहे. ‘पेनी’चा जोरही पहिल्या अक्षरावर आहे, त्यामुळे तो शब्द ओळीच्या मध्ये, एका टाळीत दोन अक्षरं या जागी ठेवला तर अचूक बसतो. ओळीच्या शेवटी ठेवला तर ‘मनी’सारखाच फसतो. मराठीत हा शब्द दोन्हीकडे आला आहे, इंग्रजीत तो मध्येच ठेवायचा.

खोटेपणासाठी पहिला शब्द सुचतो तो ‘फेक’. पण ‘बट द पेनी वॉज फेक’ म्हटलं की ‘वॉज’सारखा पुसट शब्द तिसऱ्या टाळीवर लांब होऊन बसतो. ‘नो गुड’ नैसर्गिक आहे आणि ठेक्यातही बसतं, पण ‘गुड’ला यमक शोधताना पुन्हा नवीन वस्तू आत येतात, ‘हुड’ आला की रेनकोट आला. शेवटी उपयोगी पडलं ते धातूचं नाव:

ओह, द | पेनीज | जस्ट | टिन

खोटं म्हणजे काय हे मुलाला समजावून सांगावं लागत नाही, पेनी नुसत्या पत्र्याची निघाली हे दिसतं. आळ कुणावर नाही. आणि ‘टिन’ला यमक ‘इन’, जे पाऊस येण्याच्याच बाजूचं आहे. चौथी ओळ आधी अशी झाली होती:

स्टिल इट | केम पोअर | इंग | इन

वाचताना ती ठीक वाटते. टाळ्यांवर म्हटली की ‘पोअरिंग’ तुटतो आणि ‘इंग’ला जोर मिळतो. डोळ्याला न दिसणारी ही चूक पकडण्याचा एकच मार्ग आहे: ओळ चालीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर, सपाट आवाजात म्हणायची आणि प्रत्येक टाळीवरचं अक्षर वेगळ्या कागदावर लिहायचं. कागदावर ‘इंग’, ‘द’, ‘वॉज’, ‘इट’ असं काही आलं की ओळ परत करायची. दुरुस्त ओळ:

स्टिल द | रेन कम्स | राइट | इन

टाळ्यांवर आलेली अक्षरं: स्टिल, रेन, राइट, इन. चारही अर्थाची. ‘स्टिल’मध्ये तो नाजूक ‘तरी’ आला आहे आणि तोही पहिल्याच टाळीवर. ‘मोठा’ मात्र गेला. ‘राइट इन’मुळे पाऊस थेट घरात शिरतो, त्यात थोडा मोठेपणा आहे, पण ती भरपाईच. पाऊस किती आला यापेक्षा तो ‘तरी’ आला हे महत्त्वाचं, असं आधी ठरलेलं असल्यामुळे हा निर्णय कठीण गेला नाही.

मग वरच्या दोन ओळी. इंग्रजीत ‘रेन, रेन, गो अवे’ हे पावसाचं बालगीत 17व्या शतकापासून चालत आलेलं आहे आणि ते पावसाला ‘जा’ म्हणतं. इंग्लंडमधल्या मुलाच्या कानात ते आधीपासून असतं. आपलं गाणं पावसाला ‘ये’ म्हणतं. हा फरक पहिल्याच ओळीत ऐकू यावा म्हणून त्या बालगीतातल्या ‘अवे’ आणि ‘डे’ याच आवाजाचं यमक मुद्दाम घेतलं:

कम रेन | कम रेन | प्लीज | स्टे
हिअर्स अ | पेनी | आय’ल | पे

‘रे’च्या जागी ‘रेन’ आला आहे. अर्थाने त्यांचं नातं नाही, पण स्वर तोच, जागाही तीच. मराठी म्हणणाऱ्या मुलाचं तोंड आपोआप तिकडे वळतं. ‘स्टे’ आणि ‘पे’ स्वरावर संपतात, मूळच्या ‘सा’, ‘टा’, ‘री’सारखे, त्यामुळे शेवटची टाळी ताणता येते. त्याआधी विचारात घेतलेले ‘रेनड्रॉप’ आणि ‘डोन्ट स्टॉप’ याच कारणाने गेले. ठेक्यात ते चोख होते, पण ‘प’ने ओठ मिटतात आणि सूर तिथेच बंद होतो. नुसत्या टाळ्यांवर म्हणायचं असेल तर ते चालतील. पेटीच्या साथीने, शेवट लांबवून गायचं असेल तर नाही.

दुसऱ्या कडव्यात आता मोकळीक होती, कारण मुख्य चित्र पहिल्यात बसलं होतं. ‘मडकं’साठी ‘पॉट’ घेऊ नये. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत लहान मुलांच्या शीच्या भांड्याला ‘पॉटी’ म्हणतात आणि ‘फिल माय पॉट’ म्हटल्यावर पाच वर्षांची मुलं पुढचं गाणं ऐकत नाहीत. ‘बकेट’ घेतला. जोर पहिल्या अक्षरावर, उच्चारात दोन अक्षरं, अगदी ‘मड-के’च्या मापाचा.

कम रेन | कम रेन | पोर | पोर
फिल माय | बकेट | देन | मोर
रेन कम्स | रनिंग | सो | फास्ट
सी माय | बकेट | फ्लोट | पास्ट

‘धावून’ला ‘रनिंग’ मिळालं आणि ‘वाहून गेलं’ला ‘फ्लोट पास्ट’. मडकं मातीचं होतं हे गेलं, आणि ‘सी’मुळे मूल काठावर उभं राहून बघतंय असं थोडं नवीन आलं, ते मूळ प्रसंगाच्या आतलंच आहे. ‘फास्ट’ आणि ‘पास्ट’च्या शेवटी मात्र काळजी घ्यावी लागते. मुलं ‘स’ लवकर सुरू करतात आणि सगळ्या वर्गातून फुसफुस ऐकू येते. ‘आ’ टाळी संपेपर्यंत धरायचा आणि ‘स्ट’ सगळ्यांनी एकदम, हाताच्या खुणेवर सोडायचा.

एक गोष्ट इंग्रजीत आणताच आली नाही. पावसाला ‘रे’ आणि सरीला ‘ग’: मराठीत पाऊस मुलगा आहे आणि सर मुलगी. इंग्रजी संबोधनात ही सोय नाही. दुसऱ्या कडव्यात ‘सिस्टर रेन’ असं करून बघता येतं, पण मग पाऊस मोठ्या माणसांच्या कवितेतला वाटू लागतो. हे नुकसान शब्दांत भरून काढू नये. वर्गाचे दोन गट करून पहिलं कडवं एकाने आणि दुसरं दुसऱ्याने म्हटलं की हाक बदलल्याचं निदान जाणवतं.

न्यूझीलंडचे अभ्यासक पीटर लो यांनी गाण्याच्या भाषांतरासाठी पाच कसोट्या सांगितल्या आहेत: गाता येणं, अर्थ, भाषेचा सहजपणा, लय आणि यमक. एकाच कसोटीत पैकीच्या पैकी मिळवायला जाऊ नये, पाचांची बेरीज चांगली यावी, असं त्यांचं म्हणणं. वरचं रूप त्यांवर तपासलं तर लय आणि गाता येणं भक्कम आहे, यमकंही पूर्ण आहेत. अर्थाच्या कसोटीवर ‘मोठा’, माती आणि ‘ग’ गेले. सहजपणात पहिली ओळ सगळ्यांत कच्ची आहे. ‘कम रेन, कम रेन’ असं रोजच्या बोलण्यात कुणी म्हणत नाही, पण हाक मारण्याच्या सुरात ते खपतं.

चित्र पोचलं का, हे मुलांना ‘कळलं का’ विचारून कळत नाही. ती हो म्हणतात. गाणं दोनदा ऐकवून झालं की काहीही न समजावता चित्र काढायला सांगावं. कागदावर नाणं आणि पाऊस एकत्र आले तर चित्र पोचलं. नुसतं छत्री-ढग आले तर ‘आय’ल पे’ची ओळ नीट ऐकू आली नाही असं समजावं, आणि बहुतेक वेळा कारण वेग असतो. मिनिटाला ऐंशी टाळ्यांच्या आसपास सुरुवात करावी. फार पळवलं की ‘कम रेन’चं ‘करेन’ होतं आणि ‘हिअर्स अ’ गिळलं जातं.

चित्रात डबा आला तर चूक ‘टिन’मध्ये आहे. ब्रिटनमध्ये बीन्ससारख्या खाण्याच्या पदार्थांच्या पत्र्याच्या डब्यालाही ‘टिन’ म्हणतात. ओळीत ‘जस्ट टिन’ आहे, म्हणजे धातू. मुलं ती चटकन ‘जस्ट अ टिन’ करतात आणि पेनीचा डबा होतो. शिवाय ‘अ’ घुसल्याने ठेकाही बिघडतो, म्हणून ही चूक कानालाही कळते. उपाय शब्दात नाही, हातात आहे. ‘हिअर्स अ पेनी’ला खरी पेनी टेबलावर वाजवायची, आणि ‘जस्ट टिन’ला पुठ्ठ्याची, चांदीचा कागद लावलेली चकती. एक खणकन वाजते, दुसरी बद्द. मुलांना ‘खोटा’ हा मराठी शब्द शिकवायची हीच वेळ, कारण आता त्याचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो.

पावसाची वाट बघणं मात्र गाण्याच्या आत आणता येत नाही. महाराष्ट्रात वैशाखाच्या उन्हाने तापलेली जमीन जूनमध्ये पहिल्या पावसाची वाट बघते, म्हणून मूल त्याला पैसे द्यायला तयार होतं. जिथे बाराही महिने पावसाची भुरभुर असते तिथल्या मुलाला ‘प्लीज स्टे’ कोड्यासारखं वाटतं. त्यासाठी तिसरं कडवं लिहू नये. आठ ओळींचं गाणं बारा ओळींचं झालं की त्याचा खेळ संपतो. गाण्याआधी दोन वाक्यं बोलावीत: आजी राहते तिथे कित्येक महिने पाऊस पडत नाही, विहिरी आटतात, आणि मग मुलं पावसाला बोलावतात.

वर्गात क्रम असा ठेवावा: आधी मराठी कडवं टाळ्यांवर, लगेच इंग्रजी, मग पुन्हा मराठी, टाळ्या न थांबवता. ठेका एकच असल्यामुळे ही ये-जा अडखळत नाही. सगळी मुलं मराठीच असतील तर ‘पेनी’च्या जागी थेट ‘पैसा’ म्हणावं: ‘हिअर्स अ पैसा’, ‘ओह, द पैसाज जस्ट टिन’. जोर आणि अक्षरं तीच आहेत, दुसरं काही बदलावं लागत नाही. शाळेच्या कार्यक्रमात इतर मुलंही गाणार असतील तेव्हा ‘पेनी’ ठेवावा, म्हणजे गाणं मध्येच थांबवून कुणाला अर्थ सांगत बसावं लागणार नाही.